तोच निबंध, जूनमध्ये १२ आणि डिसेंबरमध्ये ८७

प्रश्न: आमची शाळा यावल तालुक्यात आहे, सेमी-इंग्रजी. मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. गेल्या वर्षी संस्थेने एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं. नववीतल्या एका मुलीचा 'माय व्हिलेज' हा निबंध जूनमध्ये त्यात टाकला तेव्हा १२% एआय दाखवलं. डिसेंबरमध्ये तोच निबंध पुन्हा टाकला तर ८७%. मुलगी म्हणते मीच लिहिलाय, आणि रडते. कंपनी म्हणते नवी आवृत्ती जास्त अचूक आहे, पुढच्या वर्षाचे पैसे भरा. कोणता आकडा खरा मानायचा? आणि हे दरवर्षी असंच बदलत राहणार असेल तर पैसे भरायचे का?

उत्तर:

मॅडम, या दोन्हीपैकी एकाही आकड्यावर त्या मुलीबद्दल निर्णय घेऊ नका. १२ आला तेव्हा तो तिच्या प्रामाणिकपणाचा दाखला नव्हता, आणि ८७ आला म्हणून तिनं नक्कल केली असंही ठरत नाही. निबंधातला एक शब्द बदललेला नसताना निकाल उलटा झाला, म्हणजे सॉफ्टवेअरनं 'माणूस' आणि 'यंत्र' यांच्यामध्ये आखलेली रेघ सरकली. ती रेघ का सरकवावी लागते आणि सरकवली की तिच्याखाली कोण सापडतं, हे एकदा नीट समजलं की पैशाचा प्रश्नही बराचसा सुटतो.

मी बरीच वर्षं मजकुराचं वर्गीकरण करणाऱ्या प्रणालींवर काम केलं आहे. आधी स्पॅम आणि खोटे अभिप्राय, आणि अलीकडे यंत्रानं लिहिलेला मजकूर. आता जळगाव-धुळ्याकडच्या काही शाळांना याच बाबतीत मदत करतो. तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात नेमकं काय आहे ते कंपनीलाच विचारावं लागेल, आणि काय विचारायचं ते शेवटी सांगतो. पण या जातीच्या साधनांचा पाया बहुतेक सारखाच असतो, तो आधी पाहू.

भाषेचं मॉडेल मुळात एकच काम करतं. आतापर्यंतचे शब्द पाहून पुढे कोणता शब्द येण्याची किती शक्यता आहे ते सांगतं. ओळखणारं साधन हेच काम उलट्या बाजूनं करतं. तुमच्या विद्यार्थिनीचा निबंध ते एकेक शब्द पुढे सरकत वाचतं आणि प्रत्येक ठिकाणी विचारतं, हा शब्द मला अपेक्षित होता का? 'माय व्हिलेज इज व्हेरी' यानंतर 'ब्यूटिफुल'. अपेक्षित. 'इट इज सिच्युएटेड ऑन द बँक ऑफ अ' यानंतर 'रिव्हर'. अपेक्षित. 'द पीपल आर सिंपल अँड' यानंतर 'हार्डवर्किंग'. तेही अपेक्षित. याउलट एखाद्या मुलीनं लिहिलं, की आमच्या गल्लीत नळ पहाटे चारला येतो म्हणून आई हंडे रात्रीच ओट्यावर मांडून ठेवते, तर 'हंडे' आणि 'ओट्यावर' या शब्दांना साधन अडखळतं. अशा अडखळण्याची सरासरी म्हणजे परप्लेक्सिटी. ती कमी असेल, आणि सगळ्या वाक्यांत एकसारखी कमी असेल, तर मजकूर यंत्राचा असल्याचा संशय वाढतो. बरीच साधनं याखेरीज हजारो मानवी आणि यंत्रानं लिहिलेल्या नमुन्यांवर शिकवलेलं एक वेगळं वर्गीकरणही वापरतात, पण 'अपेक्षित की अनपेक्षित' हा धागा त्यातही राहतो.

एमआयटी-आयबीएम आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जीएलटीआर नावाचं एक साधन काढलं होतं, त्यात हे डोळ्यांनी दिसायचं. मॉडेलच्या पहिल्या दहा अंदाजांत बसणारा शब्द हिरवा, पहिल्या शंभरात पिवळा, पहिल्या हजारात लाल, त्यापलीकडचा जांभळा. त्या वेळच्या यंत्राचा मजकूर टाकला की पानच्या पान हिरवं व्हायचं. माणसाच्या लिखाणात लाल-जांभळे ठिपके उमटायचे. त्याच वर्षी ओपनएआयनं स्वतःच्या जीपीटी-२ या मॉडेलचा मजकूर ओळखायला एक साधन दिलं, आणि त्याला सुमारे ९५% मजकूर ओळखता येत होता.

पुढे काय झालं ते पाहा. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याच ओपनएआयनं नवं ओळख-साधन प्रसिद्ध केलं, आणि सोबत स्वतःच सांगितलं की त्यांच्या चाचणीत ते यंत्राचा फक्त २६% मजकूर 'बहुधा एआय' म्हणून पकडतं, आणि माणसानं लिहिलेल्या मजकुरापैकी ९% चुकीनं यंत्राचा ठरवतं. जुलै २०२३ मध्ये कमी अचूकतेमुळे ते मागे घेतलं. ज्यांनी मॉडेल बनवलं त्यांच्याच हातून, सुमारे सव्वातीन वर्षांत, ९५ वरून २६. (दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या मजकुरावर झाल्या, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नये. पण दिशा स्पष्ट आहे.)

कारण असं, की मॉडेल सुधारणं म्हणजेच माणसं जसे शब्द निवडतात तसे निवडायला शिकणं. साधन ज्या फरकावर उभं आहे तो फरक कमी करणं हेच मॉडेल बनवणाऱ्याचं रोजचं काम आहे. आपल्याकडच्या कापूस उत्पादकाला हे वेगळं सांगायला नको. बीटी वाण आलं तेव्हा बोंडअळी आटोक्यात आली, मग गुलाबी बोंडअळी त्याला सरावली, आणि वाणात दुसरं जनुक घालूनही काही वर्षांनी ती पुन्हा बोंडात दिसायला लागली. फरक एवढाच, की इथे सरावण्यासाठी कुणी साधनाला फसवायला बसलेलं असण्याचीही गरज नसते. मॉडेल नुसतं चांगलं झालं तरी जुनं साधन मागे पडतं.

फसवायला बसलेलेही असतातच. २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी दाखवलं, की यंत्राचा मजकूर दुसऱ्या यंत्राकडून फक्त वेगळ्या शब्दांत मांडून घेतला तर डिटेक्टजीपीटी या साधनाची पकड ७०.३% वरून ४.६% वर येते. अर्थ तोच, वाक्यं वेगळी. आज हे करायला मुलाला संशोधक असावं लागत नाही. 'नववीच्या मुलासारखं लिही, दोन-तीन चुका ठेव' एवढं सांगितलं तरी शब्दांची अपेक्षितता हलते. मग साधनवाले नव्या मॉडेलचे, शब्द फिरवलेल्या मजकुराचे, मुद्दाम चुका घातलेल्या मजकुराचे नमुने गोळा करतात आणि साधन पुन्हा शिकवतात. तुमच्याकडे आलेली 'नवी आवृत्ती' म्हणजे बहुधा हेच. त्यात कंपनीनं काही गैर केलेलं नाही. साधन बदललं नसतं तर ते निरुपयोगी झालं असतं.

यातली एक बाजू फारशी बोलली जात नाही. साधनाला 'माणूस कसा लिहितो' हेही नमुन्यांवरूनच शिकवावं लागतं, आणि माणसांचं लिखाणही बदलतंय. मुलं आता यंत्रानं लिहिलेली उत्तरं वाचतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी भाषणं पाठ करतात, यूट्यूबवरचे निबंध वहीत उतरवतात. यातलं बरंच मुळात यंत्राचं असतं. ते वाचून मुलानं प्रामाणिकपणे स्वतःच्या हातानं लिहिलं तरी वळण त्याच प्रकारचं येतं. म्हणजे यंत्र माणसाकडे सरकतंय आणि माणूस यंत्राकडे, आणि साधनाला त्या दोघांमधल्या अरुंद होत चाललेल्या पट्टीत रेघ आखायची आहे.

आता ही रेघ सरकली की शाळेत काय होतं, ते गणितानं दाखवतो. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या शाळेचे वेगळे असतील. समजा नववी-दहावी मिळून २०० निबंध आले, त्यातल्या ४० मुलांनी खरोखर एआयकडून लिहून घेतला आणि १६० जणांनी स्वतः लिहिला. साधन एआयचे ७०% पकडतं आणि स्वतः लिहिणाऱ्यांतल्या ५% मुलांवर चुकून बोट ठेवतं. म्हणजे ४० पैकी २८ सापडले, आणि १६० पैकी ८ निष्पाप अडकले. एकूण ३६ जणांची नावं तुमच्यासमोर आली, त्यातली ८ चुकीची.

वर्षभरात नवं मॉडेल आलं. साधन तेच राहिलं. पकड ७० वरून ३० टक्क्यांवर आली. आता ४० पैकी १२ च सापडतात. पण निष्पाप अडकण्याचं प्रमाण मुलांच्या लिखाणावर ठरतं, मॉडेलवर नाही, म्हणून ते ८ च्या ८ राहतात. यादीत २० नावं, त्यातली ८ चुकीची. मागच्या वर्षी दर नऊ नावांत दोन चुकीची होती, यंदा दर पाचात दोन. शाळेनं काहीही बदललेलं नाही, तरी साधन संशयित निबंधावर मारतं त्या लाल खुणेची किंमत घसरली.

आता कंपनी पकड परत मिळवायला रेघ खाली आणते, म्हणजे थोड्या संशयावरही बोट ठेवते. पकड ६०% होते, पण त्या बदल्यात चुकीच्या संशयाचं प्रमाण १५% होतं. २४ खरे सापडले आणि १६० पैकी २४ निष्पाप अडकले. ४८ नावं, निम्मी चुकीची. जाहिरातीत 'पकड दुप्पट' हे वाक्य खरं असेल. तुमच्या यादीतलं मात्र प्रत्येक दुसरं मूल विनाकारण कार्यालयाबाहेर उभं असेल. तुमच्या विद्यार्थिनीचा निबंध १२ वरून ८७ वर गेला तो अशाच एखाद्या फेरबदलात गेला असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

चांगला विक्रेता म्हणेल की आम्ही रेघ तशी सरकवत नाही, चुकीचा संशय १ टक्क्याच्या खालीच ठेवतो. तसं करता येतं, पण मग पकड कमी होते हे मान्य करावं लागतं. आणि १ टक्काही लहान नसतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनचं एआय-ओळख साधन बंद केलं, तेव्हा त्यांनी हाच हिशोब मांडला होता. २०२२ मध्ये त्यांच्याकडे ७५,००० लेख तपासायला गेले होते, १ टक्का म्हणजे साधारण ७५० लेखांवर खोटा ठपका.

शिवाय ही चूक सगळ्या मुलांत सारखी वाटली जात नाही, आणि तुमच्या शाळेसाठी मला हाच मुद्दा सगळ्यात काळजीचा वाटतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात साधनं घेऊन टोफेल परीक्षेतले ९१ निबंध तपासले. ते निबंध इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले होते. साधनांनी सरासरी ६१.३% निबंध यंत्राचे ठरवले. अमेरिकन आठवीतल्या मुलांच्या निबंधांवर तीच साधनं जवळजवळ बरोबर चालली. पुढे संशोधकांनी तेच टोफेलचे निबंध चॅटजीपीटीला देऊन शब्दसंग्रह समृद्ध करून घेतला, तर खोटा संशय ११.६% वर आला. म्हणजे ज्यानं खरंच यंत्राची मदत घेतली तो सुटला आणि ज्यानं आपल्या तुटपुंज्या इंग्रजीत लिहिलं तो अडकला. तेव्हापासून साधनं सुधारली आहेत, पण कारण जागेवर आहे. ज्याच्याकडे शब्द थोडे, त्याचा पुढचा शब्द ओळखणं सोपं.

आपल्या भागातल्या मुलांचं इंग्रजी कसं घडतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता. घरी लेवा गणबोली, अहिराणी, नाहीतर सातपुड्याकडच्या पाड्यांवर पावरी. वर्गात मराठी. इंग्रजी भेटतं ते पाठ्यपुस्तकात, गाइडमध्ये आणि फळ्यावर. आपणच त्यांना साचे देतो, सुरुवात अशी करा, शेवट असा करा, 'इन धिस वे' लिहून समारोप करा. जे मूल ते साचे मन लावून पाठ करतं त्याचा निबंध साधनाला अगदी हिरवागार, म्हणजे यंत्रासारखा दिसतो. कष्टाळू मुलांवरच संशय जास्त येतो, आणि दर नव्या आवृत्तीत रेघ खाली आली की तीच मुलं आधी सापडतात.

त्यात निबंधाची लांबी. नववीचा इंग्रजी निबंध शे-दीडशे शब्दांचा. एवढ्यात सरासरी काढायला पुरेसा मजकूरच नसतो, दोन वाक्यं इकडची तिकडे झाली की आकडा उड्या मारतो. टर्निटिननं आपली किमान मर्यादा ३०० शब्दांची ठेवली आहे ती याचमुळे. तुमच्या साधनाची मर्यादा बघा. ती जास्त असेल आणि तरी ते आकडा देत असेल, तर तो आकडा लिहूनही ठेवू नका.

आता तुमच्या हातात असलेली एक गोष्ट, जी मोठमोठ्या कंपन्यांकडे नाही. तुमच्या शाळेत जुनी हस्तलिखितं असतील, वार्षिकांकाला आलेले निबंध, स्पर्धेच्या जपून ठेवलेल्या वह्या. नोव्हेंबर २०२२ च्या आधीचे. त्या वेळी नववीतलं मूल एआयकडून निबंध लिहून घेत नव्हतं, म्हणजे ते लिखाण माणसाचंच याबद्दल शंका नाही. इंग्रजीतले असे शंभर निबंध टाइप करून घ्या. टाइप करताना चुका दुरुस्त करायच्या नाहीत आणि नाव, गाव, शाळा काढून टाकायची, कारण मुलांची माहिती अशा कंपन्यांकडे जाऊ देताना २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा विचार करावा लागतो. मग ते सगळे साधनात टाका. जितक्यांवर लाल खूण आली तितके निष्पाप तुमच्या शाळेत अडकतात. हा तुमच्या मुलांचा, तुमच्या भागाचा, तुमच्या आवृत्तीचा आकडा.

एक खबरदारी. शंभरात एकही लाल आला नाही तरी चूक शून्य असं समजू नका. संख्याशास्त्रात ढोबळ नियम आहे, की शंभर तपासून एकही सापडलं नाही तर खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं. पन्नासच तपासले तर ६ टक्क्यांपर्यंत. आणि ही चाचणी दर नव्या आवृत्तीनंतर पुन्हा करायची. गठ्ठा तोच वापरायचा, म्हणजे रेघ किती सरकली ते तुम्हाला कंपनीच्या आधी कळेल. मी ज्या शाळांत हे करून घेतलं तिथे चर्चेचा सूरच बदलला. शिक्षकांनी आपल्याच जुन्या, हुशार विद्यार्थ्यांचे निबंध लाल झालेले पाहिले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मराठी निबंधांसाठी हीच चाचणी वेगळी करा. ही साधनं मुख्यतः इंग्रजीवर घडली आहेत. 'मराठी चालतं' असं लिहिलेलं असलं तरी तुमच्या गठ्ठ्यावर कसं चालतं ते पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

आता ती मुलगी. तिला एकटीला बसवा, पालकांना अजून बोलावू नका, आणि 'खरं सांग' या शब्दांनी सुरुवात करू नका. निबंधाबद्दल गप्पा मारा. नदीचा उल्लेख आहे तर कोणती नदी, आत्ता पाणी आहे का. हे वाक्य कुठून सुचलं. हा भाग आधी लिहिला की नंतर घातला. मग वहीतला कच्चा मसुदा असेल तर पाहा, आणि तिनं वर्गात तुमच्या डोळ्यांसमोर लिहिलेल्या उत्तरांशी ताडून पाहा. वाक्यांची लांबी, क्रियापदांच्या ठरलेल्या चुका, आवडते शब्द. हे जुळत असेल तर विषय तिथेच संपवा, आणि तिला स्पष्ट शब्दांत सांगा की यंत्राची चूक होती. ते ऐकायची तिला गरज आहे.

जुळलं नाही तरी घाई नको. गाइडमधून पाठ केलेला निबंध असू शकतो. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावरचा उपाय शिकवण्यातला आहे, शिक्षेतला नाही. काही शाळा संगणकावरच्या बदलांच्या इतिहासावर भर देतात, की सगळा मजकूर एकदम चिकटवला असेल तर संशय. आपल्याकडे तोही पुरावा कच्चा आहे. मूल वहीत लिहितं, वडील शेतातून आले की त्यांचा फोन मिळतो, भाऊ टाइप करून देतो, आणि एकदम चिकटवतो.

साधन बंदच करा असं मी म्हणत नाही. ठेवायचं तर त्याचा उपयोग मर्यादित करा. त्याचा आकडा कोणत्याही नोंदीत, गुणपत्रकात किंवा पालकांच्या पत्रात येता कामा नये. आणि ज्यांच्यावर लाल खूण आली फक्त त्यांनाच बोलावलंत तर वर्गाला बरोबर कळतं की बोलावणं म्हणजे आरोप. म्हणून पाच लाल असतील तर चिठ्ठ्या टाकून न-लाल मधलेही पाच घ्या, दहाही जणांशी आपापल्या निबंधावर पाच-पाच मिनिटं बोला. यातून दुसरा फायदा होतो. साधनानं सोडून दिलेल्यांत किती जणांना आपलाच निबंध सांगता येत नाही ते कळतं, आणि नव्या मॉडेलपुढे साधन किती आंधळं झालंय याचा अंदाज तुम्हाला आपोआप येत राहतो.

विषय स्थानिक दिला की एआय चालत नाही असा एक समज आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर किंवा रावेरच्या केळीवर आजचं मॉडेल बऱ्यापैकी निबंध लिहितं. फरक पडतो तो टप्प्यांनी. पहिल्या तासाला वर्गात कागदावर पाच मुद्दे, त्यावर तुमची सही. दुसऱ्या तासाला पहिला परिच्छेद तिथेच. घरी पूर्ण करायचा, आणि कच्चा कागद पक्क्याला टाचून द्यायचा. साठ मुलांच्या वर्गात हे प्रत्येक निबंधाला जमणार नाही हे मला मान्य आहे. सत्रात दोनदा जमलं तरी प्रत्येक मुलाचं खात्रीचं लिखाण तुमच्याकडे जमा होतं, आणि वाद झालाच तर ताडून पाहायला तेच लागतं.

विक्रेते हल्ली 'वॉटरमार्क' हा शब्दही वापरतात. मॉडेल लिहितानाच शब्दांच्या निवडीत एक छुपी खूण सोडतं, ती नंतर वाचता येते. गूगल डीपमाइंडचं सिंथआयडी असं आहे आणि २०२४ मध्ये त्यावर 'नेचर' मध्ये लेखही आला. तत्त्व चांगलं आहे, निष्पाप अडकण्याचा धोका त्यात खूप कमी. पण खूण फक्त ते मॉडेल बनवणाऱ्यानं घातली असेल तरच असते, शब्द फिरवले किंवा भाषांतर केलं की पुसट होते, आणि मोकळी उपलब्ध मॉडेलं आपल्या संगणकावर चालवणाऱ्याला ती घालण्याची सक्ती नसते. शाळेनं त्यावर आत्ता विसंबू नये.

आता पैशाचं. आधी कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा. डिसेंबरची आवृत्ती कोणत्या मॉडेलांच्या मजकुरावर आणि केव्हा शिकवली? इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेल्या शाळकरी मुलांच्या लिखाणावर चुकीच्या संशयाचं प्रमाण किती, आणि किती शब्दांच्या मजकुरावर? ८७% म्हणजे नेमकं काय, यंत्राचा असण्याची खात्री की यंत्रासारख्या वाटलेल्या वाक्यांचा वाटा? आणि आवृत्ती बदलली की शाळेला कळवणार का, जुन्या निकालांचं काय करायचं? तिसऱ्या प्रश्नालाच बरेच विक्रेते गडबडतात. दुसऱ्याला 'आमची अचूकता ९९%' असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही, कारण ती कुणाच्या लिखाणावरची अचूकता हे त्यात नसतं.

उत्तरं समाधानकारक आली आणि तुमच्या शंभर निबंधांच्या गठ्ठ्यावर एक-दोनच्या वर लाल आले नाहीत, तर एका वर्षाचेच पैसे भरा, जास्त मुदतीचा करार करू नका. कारण तुम्ही वस्तू विकत घेत नाही आहात, दरवर्षी पुन्हा शिकवावी लागणारी एक सेवा घेत आहात, आणि तिची किंमत पुढेही चालूच राहणार. गठ्ठ्यात पाच-सात लाल आले तर पैसे भरू नका. तीच रक्कम टप्प्याटप्प्यानं लिहून घेण्यासाठी लागणाऱ्या कागदांना आणि वर्गातल्या इंग्रजी पुस्तकांना द्या.

संस्थेला समजावणं अवघड जाईल, त्यांनी एकदा खर्च केलेला आहे. त्यांच्यासमोर हा निबंध ठेवा, जूनचा १२ आणि डिसेंबरचा ८७, दोन्ही छापून, मजकूर तोच असल्याचं दाखवून. त्यासोबत जुन्या गठ्ठ्याचा निकाल. गठ्ठा टाइप करायला किंवा निकाल वाचायला अडचण आली तर इथेच लिहा, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख मात्र प्रत्येक निकालाबरोबर टिपून ठेवा.